ग्रुपवर आलेलं चलान आणि मधले साडेतीन तास: आपल्या सोसायटीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि तिन्ही विंगमधले सर्व सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची म्हणून आपली धावपळ चालू आहे. सचिवांनी यंदा मला वीस मिनिटं दिली आहेत, विषय 'ऑनलाइन फसवणूक आणि आपण घ्यायची काळजी'. बँकेत एकतीस वर्षं काढली म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे आली असावी. आपल्या सभा मला माहीत आहेत. पाच मिनिटं माइक सुरू होण्यात जातात, मग लिफ्टच्या दुरुस्ती करारावरून जुंपते, आणि माझी पाळी येईपर्यंत लोक खुर्च्या रचायला लागलेले असतात. शिवाय ज्यांनी हे ऐकायला हवं ते बहुतेक वेळा सभेला नसतातच. म्हणून जे बोलणार होतो ते लिहूनच काढलं.

फसवणुकीचे प्रकार मोजायला बसलो तर वीस मिनिटं पुरायची नाहीत. 'आज रात्री साडेनऊला वीज तोडणार' हा मेसेज आता जुना झाला. त्यावर एवढंच लक्षात ठेवा की वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, रात्री साडेनऊची मुदत कोणी देत नाही. 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट तर कायद्यात नाहीच. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यात कोणी दिसलं तर कॉल कट करा, विषय संपला. फ्लॅट भाड्याने घ्यायला निघालेला 'आर्मी ऑफिसर' आणि त्याचा क्यूआर कोड यांच्याबद्दल सभेत कोणी विचारलं तर सांगेन.

या पत्रात मी एकच प्रकार घेतो, कारण तो आपल्याच सोसायटीत घडला आणि आपल्याच ग्रुपवरून घडला. ज्या दोघांच्या बाबतीत घडला त्यांची परवानगी घेऊन लिहितोय. नावं लिहीत नाही. ज्यांना माहीत आहेत त्यांनीही सभेत उच्चारू नयेत, ही पहिली विनंती.

शनिवारची संध्याकाळ होती. ७ वाजून ४० मिनिटांनी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ए-विंगमधल्या एका ताईंच्या नंबरवरून एक फाइल आली. नाव होतं `RTO Challan.apk`, आणि खाली दोन ओळी: 'आपल्या वाहनाचे चलान प्रलंबित आहे, तपशील पाहण्यासाठी फाइल उघडा.' कोणीतरी 'हे काय आहे?' असं विचारलं. त्यानंतर शुभ संध्याकाळची चौदा चित्रं आली आणि तो प्रश्न वर सरकून गेला. अॅडमिन म्हणजे आपले सचिव एका लग्नात होते. त्यांनी फोन पाहिला तोवर दहा वाजले होते.

आमच्या माहितीप्रमाणे ती फाइल तिघांनी उघडली. एकाकडे आयफोन होता, त्यावर ही फाइल चालतच नाही, त्यामुळे काहीच झालं नाही. दुसऱ्या एका वहिनींच्या फोनने 'हे अॅप धोकादायक आहे' असं सांगून अडवलं आणि त्यांनीही शहाणपणाने हट्ट केला नाही. तिसरे बी-विंगमधले काका. त्याच आठवड्यात मुंबई नाक्यावर पिवळा दिवा लाल होता होता त्यांनी स्कूटर काढली होती, आणि ते मनात टोचत होतं. फाइल बघून ते काकूंना म्हणाले, "बघ, आलंच शेवटी." त्यांनी मला नंतर सांगितलं, "अनोळखी नंबरवरून आलं असतं तर हातही लावला नसता. पण शनिवारी पाणी येणार नाही, हा निरोपसुद्धा दोन दिवसांपूर्वी ताईंनीच टाकला होता ना!"

आता नेमकं काय झालं ते सावकाश सांगतो.

फाइलच्या नावाच्या शेवटी `.apk` असणं म्हणजे ती कागद नाही, फोटो नाही, पीडीएफही नाही. ते अँड्रॉइड फोनवर बसवायचं अॅप आहे. पीडीएफ उघडली की वाचता येते. ही उघडली की फोनमध्ये नवा माणूस राहायला येतो. फोन लगेच आत घेत नाही. आधी तो सांगतो की व्हॉट्सअॅपवरून आलेलं अॅप बसवायला परवानगी नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन `Allow from this source` हे बटण स्वतःच्या बोटाने सुरू करावं लागतं. काकांनी केलं. मग नवं अॅप विचारतं, `send and view SMS messages`, म्हणजे मेसेज पाठवायची आणि वाचायची परवानगी द्याल का? काकांनी `Allow` दाबलं. चलान बघायला मेसेज वाचायची परवानगी कशाला, हा प्रश्न आत्ता इथे वाचताना सुचतो. तेव्हा डोक्यात पिवळा दिवा होता.

ही एक परवानगी म्हणजे घराच्या किल्ल्यांचा जुडगा. बँकेचा ओटीपी येतो तो एसएमएसनेच. अॅप तो वाचतं, पलीकडे पाठवतं आणि मेसेजचं मुख्य अॅप व्हायची परवानगीही मिळवली असेल तर आपल्याला दिसू नये म्हणून लपवूही शकतं. 'इतके रुपये खात्यातून गेले' हा बँकेचा इशाराही तसाच गिळला जातो. आपल्या फोनवरून एसएमएस पाठवताही येतो, आणि हे जास्त वाईट. यूपीआय अॅप नव्या फोनवर सुरू करताना बँक ओळख पटवते ती आपल्या सिममधून गेलेल्या एसएमएसवर. तो एसएमएस गेला की बँकेच्या दृष्टीने तो फोन आपलाच.

पण एवढ्याने पैसे काढता येत नाहीत. यूपीआयचा पिन नव्याने ठेवायचा तर सहसा डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत लागते. बऱ्याच बँकांत मोबाइल बँकिंग नव्याने सुरू करायलाही कार्डाचा तपशील आणि ओटीपी पुरतो. म्हणून त्या अॅपच्या पानावर गाडीचा नंबर विचारून झाल्यावर 'पडताळणीसाठी १ रुपया भरा' अशी चौकट आली. काकांनी कार्ड नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. 'सर्व्हर व्यस्त आहे, २४ तासांनी प्रयत्न करा' असं उत्तर आलं. थोड्या वेळाने अॅपचं चिन्हही स्क्रीनवरून नाहीसं झालं. काका म्हणाले, "सरकारी वेबसाइट, दुसरं काय होणार!" आणि जेवायला बसले.

त्यांच्या बचत खात्यात होते ३७,२०० रुपये. त्यावरून समाधान मानू नका, कारण त्याच बँकेत दीड लाखाची मुदत ठेव होती आणि मोबाइल बँकिंगमधून ठेव मोडता येते. ठेव रात्री साडेअकराच्या सुमारास मोडली गेली. ११:३८ ला ४९,९०० गेले, ११:४४ ला ४८,५००. मग वीस मिनिटं शांतता. १२:०३ ला पुन्हा ४९,९००, आणि १२:०७ ला ३८,७००. एकूण १,८७,०००. मध्ये थांबले ते दमले म्हणून नव्हे. खात्याची दिवसाची मर्यादा मध्यरात्री नव्याने सुरू होते, म्हणून बाराच्या दोन्ही बाजूंना हात मारायचा, ही या लोकांची पद्धत. बँकेत असताना अशी कितीतरी स्टेटमेंट पाहिली, आकड्यांपेक्षा वेळच जास्त बोलते. या सगळ्या वेळात काकांचा फोन उशाशी होता आणि एकदाही वाजला नाही.

रविवारी सकाळी पावणेसातला दूधवाला महिन्याचे १,९८० रुपये घ्यायला आला. पेमेंट होईना. काकांनी शिल्लक बघितली तर २०० रुपये. तिथेच दाराशी त्यांना मटकन बसावं लागलं. दूधवाला बिचारा "राहू द्या काका, पुढच्या महिन्यात द्या" म्हणून निघून गेला.

इथपर्यंतची गोष्ट थोड्याफार फरकाने पेपरात रोज येते. मला सांगायची आहे ती पुढची आणि मागची.

पुढची आधी. पावणेसातला कळलं आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला त्यांचा फोन लागला १०:२० ला. मधले साडेतीन तास काय करत होते? तासभर काकूंपासून लपवत होते. मग 'पुरावा कोणाला दिसू नये' म्हणून ग्रुपवरची ती फाइल स्वतःच्या फोनमधून काढून टाकली. मग पुण्याला मुलाला फोन करावा की नाही, यात वेळ गेला. मुलगा ओरडेल ही भीती पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा मोठी होती. हे त्यांचेच शब्द. शेवटी मुलाला कळलं, तो ओरडला नाही, त्याने १९३० सांगितलं. तिसऱ्या प्रयत्नात लागला.

१९३० वर वेळेला एवढी किंमत का, तेही समजून घ्या. चोर पैसे थेट स्वतःच्या खात्यात घेत नाही. आधी ते भाड्याने घेतलेल्या कोणाच्या तरी खात्यात जातात, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, आणि शेवटी एटीएममधून रोख निघतात. १९३० वर तक्रार नोंदली की ती पैसे गेलेल्या बँकेकडे आणि पैसे आलेल्या बँकेकडे पोचते आणि त्या खात्यात जे उरलं असेल ते गोठवलं जातं. उरलं असेल ते. काकांच्या बाबतीत शेवटचे ३८,७०० जसेच्या तसे पडून होते आणि तिसऱ्या रकमेतले २२,६०० सापडले. म्हणजे ६१,३०० गोठले. मध्यरात्रीच्या आधीचे ९८,४०० तोवर कुठल्या कुठे गेले होते. गोठलेली रक्कमही आपोआप खात्यात येत नाही, त्यासाठी पोलिसांकडे आणि कोर्टाकडे अर्ज-विनंत्या चालू आहेत. पावणेसातलाच फोन झाला असता तर किती वाचले असते, हे मी सांगू शकत नाही. पण साडेतीन तासांत खाती रिकामी व्हायची तेवढी झाली.

अजून एक चूक झाली, ती बहुतेक जण करतात. १९३० ला कळवलं म्हणजे बँकेला कळवलं असं काका समजले. बँकेच्या हेल्पलाइनला स्वतंत्र फोन करावा लागतो आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे नीट मांडलेलं आहे. ग्राहकाने स्वतःच कार्डाची गुप्त माहिती कोणाला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कळवल्याचं मिनिट हीच सीमारेषा आहे. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. शाखेत कोणी 'तुम्हीच दिलं ना सगळं' म्हणून हाकलू लागलं तर तक्रार लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी काउंटरच्या पलीकडे बसलेलो आहे, पोच मागणाऱ्या माणसाशी आवाज आपोआप खाली येतो.

पाचव्या दिवशी काकांना आणखी एक फोन आला. 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे ६१ हजार सोडवायचे तर दोन टक्के फी भरा.' रकमेचा आकडा त्यांच्याकडे कुठून गेला देव जाणे. काकांनी या वेळी फोन ठेवला आणि थेट माझी बेल वाजवली. पैसे परत मिळवून देतो म्हणून फी मागणारा फोन हा त्याच फसवणुकीचा दुसरा अंक असतो.

आता मागची गोष्ट, जी मला सोसायटी म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. ताईंच्या नंबरवरून ती फाइल कशी आली?

आदल्या रात्री, शुक्रवारी, ताईंना एका मावसबहिणीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली होती. तीही `.apk`च. त्यांनी उघडली, परवानग्या दिल्या. पत्रिका दिसलीच नाही, पण कोणी पैसे मागितले नाहीत आणि कार्डाचा तपशील कुठे भरला गेला नाही. म्हणून त्यांचे पैसे वाचले. गेलं ते व्हॉट्सअॅप. व्हॉट्सअॅप नव्या फोनवर सुरू करायला सहा आकडी कोड लागतो आणि तो एसएमएसने येतो. एसएमएस तर आता दोघं वाचत होते. शनिवारी दुपारी ताईंच्या फोनवरचं व्हॉट्सअॅप बंद पडलं, 'हा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदला गेला आहे' असा काहीसा इंग्रजी मजकूर दिसला. त्यांना वाटलं अपडेटचं काहीतरी असेल, भाचा संध्याकाळी आला की बघेल. चार वाजता एका मैत्रिणीचा साधा फोन आला, "अगं, मला कसलं चलान पाठवलंस?" तेव्हा त्यांना कळलं की आपल्या नावाने कोणीतरी बोलतंय.

चार वाजता कळलं. आपल्या ग्रुपवर फाइल आली सात-चाळीसला. इथेही मध्ये तीन तास चाळीस मिनिटं होती.

ताईंनी कोणाला का सांगितलं नाही? एक तर ग्रुपवर सांगायचा रस्ताच बंद होता, व्हॉट्सअॅप त्यांच्या हातात नव्हतं. पण इंटरकॉम होता, वॉचमन होता, समोरचं दार होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "मागच्या वर्षी सी-विंगच्या एकांचे दोन हजार गेले तेव्हा ग्रुपवर किती हसले होते सगळे. शिकलेली माणसं अशी कशी फसतात म्हणून." मला आठवलं. त्या हसण्यात माझाही एक हसरा चेहरा होता, अंगठ्याने दाबलेला.

म्हणून समितीकडे माझी मुख्य मागणी कॅमेऱ्यांची नाही, व्याख्यानांचीही नाही. ज्याचा फोन किंवा व्हॉट्सअॅप हातचं गेलं त्याने ताबडतोब वॉचमनच्या केबिनला इंटरकॉम करायचा. वॉचमनने चारही समिती सदस्यांना फोन करायचा, व्हॉट्सअॅप नव्हे, साधा फोन. जो अॅडमिन आधी उचलेल त्याने तो नंबर ग्रुपमधून लगेच काढायचा आणि फाइल आली असेल तर अॅडमिनच्या अधिकाराने ती सगळ्यांसाठी पुसायची. त्याआधी एक स्क्रीनशॉट घ्यायचा, पोलिसांना लागतो. यात नंबर काढला म्हणजे माणसाला काढलं असं नाही. व्हॉट्सअॅप परत हातात आलं की परत घ्यायचं. आणि ग्रुपवर 'कसे फसलात' हा प्रश्न विचारायचा नाही. हवा तर मला खासगीत विचारा. सध्या एकच अॅडमिन आहे, ते लग्नाला गेले की ग्रुप पोरका. प्रत्येक विंगचा एक असे तिघं तरी करा.

अॅडमिन जितक्या लवकर फाइल पुसेल तितकं बरं, पण ती ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांच्या फोनमध्ये ती राहू शकते. म्हणून त्या संध्याकाळी इंटरकॉमवरून दारोदार निरोप जायला हवा. बासष्ट फ्लॅट आहेत, दोन वॉचमनना वीस मिनिटांचं काम आहे.

दुसरी मागणी खजिनदारांसाठी आहे आणि ती मी जरा दबकत लिहितो. आपल्या चेकवर दोघांच्या सह्या लागतात, याचा आपल्याला अभिमान आहे. पण नेट बँकिंग सुरू केल्यापासून सोसायटीच्या खात्याचा ओटीपी येतो एकट्या खजिनदारांच्या मोबाइलवर, आणि त्याच मोबाइलवर लग्नपत्रिका, चलान, नातवाच्या शाळेचे निरोप सगळं येतं. सिंकिंग फंडाची ठेवही त्याच खात्याला जोडलेली आहे. काकांच्या जागी खजिनदार असते तर? त्यांच्यावर अविश्वास नाही, पण अशा अॅपला माणूस कळत नाही. बँकेला पत्र देऊन दोन जणांच्या मंजुरीशिवाय पैसे जाणार नाहीत अशी सोय मागता येते, संस्थांच्या खात्यांना बँका ती देतात. ती मिळेपर्यंत नेट बँकिंग फक्त बघण्यापुरतं ठेवा. आणि खात्याला जोडलेलं सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. त्यात असलं अॅप बसतच नाही. हजार-दीड हजारांचा फोन आहे, लिफ्टच्या एका बिघाडापेक्षा स्वस्त.

त्याच ओघात एक छोटी गोष्ट. मेंटेनन्सचा नवा क्यूआर कोड किंवा नवा खाते क्रमांक ग्रुपवर आला तर त्यावर पैसे भरू नका. बदल झाला तर तो नोटीस बोर्डावर सही-शिक्क्यानिशी लागेल असा ठराव याच सभेत करून टाकू.

आता घरच्या घरी करायचं ते. सेटिंग उघडून वरच्या शोध-चौकटीत `Install unknown apps` लिहा. एक यादी येईल. त्यात व्हॉट्सअॅप, ब्राउझर, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोर परवानगी बंद असली पाहिजे. यानंतर चुकून फाइलवर बोट पडलं तरी फोन दारातच थांबवेल. दुसरं, व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये `Account` आणि त्यात `Two-step verification` सुरू करून सहा आकडी पिन ठेवा. एसएमएसचा कोड चोरला गेला तरी हा पिन नसेल तर चोराचं काम अडतं. ताईंनी हा ठेवला असता तर चलान आपल्या ग्रुपवर बहुधा आलंच नसतं. पिन जन्मतारखेचा नको, आणि तो विसरलात तर उपयोगी पडावा म्हणून ईमेल जोडून ठेवा.

चलान खरं आहे का हे बघायची जागा ठरलेली आहे. `mahatrafficechallan.gov.in` स्वतः टाइप करून उघडा, गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे द्या, असेल तर दिसतं. काकांच्या एमएच १५ स्कूटरवर आम्ही तिसऱ्या दिवशी बघितलं. एकही चलान नव्हतं. मुंबई नाक्याचंही नाही.

आणि समजा, एवढं करूनही अॅप बसलंच. तर आधी फोन विमान-मोडवर टाका आणि वायफायही बंद आहे ना ते बघा. सिम काढा आणि घरातल्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घाला. आता ओटीपी आणि बँकेचे इशारे फक्त तुम्हालाच दिसतील. त्याच फोनवरून `##002#` डायल करा, कॉल कुठे वळवलेले असतील तर ते रद्द होतात. मग बँकेचा नंबर लावा, तो कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच. इंटरनेटवर शोधू नका, तिथे 'कस्टमर केअर' म्हणून चोरांचेच नंबर पेरलेले असतात. कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा. लगेच १९३०. ते विचारतील बँक, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी असतो. एसएमएस गायब झालेले असल्यामुळे तो तुमच्याकडे नसेल, म्हणून बँकेशी बोलतानाच लिहून घ्या. फोन लागत नसेल तर `cybercrime.gov.in` वर दुसऱ्या कोणाच्या फोनवरून तक्रार भरा. शहराच्या सायबर पोलिस ठाण्यात जाणं त्यानंतर. जाताना तो बिघडलेला फोन आहे तसा बरोबर न्या. घाईघाईने फोन पूर्ण पुसून टाकू नका, पुरावा त्यातच असतो. तो फॉरमॅट करणं सगळ्यात शेवटी.

हे सगळं करूनही काही गोष्टी आपल्या हाताबाहेर आहेत. नवे चोर नव्या नावाने फाइल पाठवतील. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, 'कुंभमेळा रूम बुकिंग' नावाची फाइल आपल्या नातेवाइकांना येईल तेव्हा मला नवल वाटणार नाही. फाइलचं नाव बदलेल, शेवटची तीन अक्षरं तीच राहतील.

सभेनंतरच्या रविवारी सकाळी अकरा वाजता बी-विंगच्या पार्किंगमध्ये तीन टेबलं मांडतोय. सी-विंगची दोन कॉलेजातली मुलं आणि मी असू. फोन तुमच्याच हातात राहील, बटणं तुम्हीच दाबायची, आम्ही फक्त कुठे जायचं ते सांगू. पिन, पासवर्ड, कार्ड यातलं काही आम्ही विचारणार नाही, आणि आमच्यापैकी कोणी विचारलं तर तिथल्या तिथे सचिवांना सांगा. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांच्याकडे आम्ही वर येऊ, फक्त इंटरकॉमवर कळवा.

पहिल्या टेबलावर काका बसणार आहेत, स्वतःहून. ताई चहाचं बघते म्हणाल्यात.

आपला,
सी-विंगमधला एक सभासद
पाथर्डी फाटा, नाशिक